ज्योती मॅडमचा एक ठोका

ज्योती उतेकर आमच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून आली, तेव्हा तिला पाहून हेडसर म्हणाले होते, "ही पोरांना पळवणार की पोरं हिला?" माणूस समोर उभा असताना असं बोलायची त्यांची सवय मला कधीच आवडली नाही. ज्योती मात्र हसली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली ती मुलगी. शाळेसाठी रोज डोंगर उतरून चढलेली, त्यामुळे असल्या बोलण्याने तिला दम लागत नसे.

कशेडी घाटाच्या पायथ्याशी, हायवेला लागून आमची शाळा. मी भूगोल शिकवायचो. माझ्या वर्गाची खिडकी मैदानावर उघडायची, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. २००३ सालची गोष्ट. ज्योती शिक्षणसेवक होती आणि तिचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. हेडसरांचा शेरा चांगला गेला तर ती कायम होणार होती, नाहीतर पुन्हा घरी बसून नोकरीच्या जाहिराती बघायच्या.

तिच्याआधी खेळाचा तास म्हणजे एक चेंडू, दहा पोरं त्याच्यामागे आणि उरलेली झाडाखाली. मुली तर वेण्याच घालत बसायच्या. ज्योतीला ते बघवेना. नववीच्या वर्गात तीस मुलं-मुली होती. तिने पाच-पाचचे सहा गट पाडले आणि मैदानाच्या कडेने गोल सहा ठाणी मांडली. पहिल्या ठाण्यावर काथ्याच्या दोऱ्यांवर उड्या, दुसऱ्यावर भिंतीला हात टेकून जोर, तिसऱ्यावर ओट्याच्या पायरीवर चढउतार. चौथ्यावर ताडपत्रीवर पाठ टेकून पोटाचा व्यायाम, पाचव्यावर दोन दगडांमध्ये ये-जा पळणं, सहाव्यावर सावित्री नदीच्या वाळूने भरलेल्या पाण्याच्या बाटल्या डोक्यावर उचलणं. सगळे एकाच वेळी कामाला लागायचे आणि अर्ध्या मिनिटाने पुढच्या ठाण्यावर जायचं. पायांच्या कामानंतर हातांचं किंवा पोटाचं काम येईल, अशीच तिने ओळ लावली होती, म्हणजे एक अवयव दमला की त्याला विसावा मिळतो. खर्च म्हणाल तर दोऱ्यांपुरता.

खुणेला शिट्टी. एक शिट्टी म्हणजे सुरू, दोन म्हणजे थांबा आणि पुढे चला.

पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. मग घाटात गाड्या अडकल्या, हॉर्नचा कल्लोळ उठला, मुलं दमली. ज्योतीने दोन शिट्ट्या मारल्या. काही गट थांबून पुढे निघाले, पण पळणाऱ्या गटातला किशोर थांबायच्या ऐवजी आणखी जोरात सुटला. दुसऱ्या गटातली सेजल पुढच्या ठाण्यावर जायला मैदान मधूनच ओलांडत होती. दोघांची टक्कर झाली आणि सेजलची भुवई फाटली. महाडला नेऊन टाके घालावे लागले.

सेजलचे वडील कोंडाजी मुंबईत हमाली करायचे. निरोप मिळताच गाडी धरून आले आणि थेट ऑफिसात शिरले.

"पोरगी शिकाया पाठवली का मार खायाला? तोंडावर वण राह्यला तर तिला कोण पसंत करंल?"

हेडसरांनी हात झटकले. म्हणाले, "पुढच्या शनिवारी मी स्वतः बसतो, तुम्हीही बसा. पुन्हा तोच तास घेऊ दे यांना. कोणाला खरचटलं जरी, तरी हे प्रकार बंद. आणि मग शेराही मी तसाच लिहीन." माझा तिळपापड झाला. तिच्या तीन वर्षांच्या कामाचा निवाडा एका तासावर!

त्या संध्याकाळी शाळेचं काम आटोपून महाडहून परतताना आम्ही एकाच एसटीत होतो. ज्योती दांड्याला धरून उभी होती. किशोर गुणी पोरगा, तो मुद्दाम असं करणार नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. वाटेत कंडक्टरने दोरी ओढली. टण. गाडी थांबली, दोन म्हाताऱ्या उतरल्या. टण टण, डबल घंटी. गाडी निघाली. ज्योतीने माझा खांदा घट्ट धरला.

"सर, मी उलटं केलंय."

"काय उलटं?"

"आपली सगळी पोरं एसटीने येतात. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे त्यांच्या अंगात मुरलंय. मी दोनवर थांबवायला निघाले होते. शांतपणे विचारलं तर सांगतील बरोबर, पण दमल्यावर, गोंगाटात डोकं कुठे चालतं? आणि दुसरं म्हणजे, सुरू व्हायला उशीर झाला तर काही बिघडत नाही, थांबायला उशीर झाला तर लागतं. मग थांबायची खूण छोटी नको का?"

दुसऱ्या दिवशी तिने हायवेवरच्या गॅरेजमधून ट्रकच्या चाकातला जुना लोखंडी ब्रेक-ड्रम आणला, आंब्याच्या फांदीला टांगला आणि वाजवायला एक हातोडी ठेवली. हॉर्नच्या आवाजात त्याचा ठोका मिसळत नव्हता आणि शाळेच्या घंटेसारखाही वाजत नव्हता. एक ठोका म्हणजे जिथे असाल तिथे थांबा, हातातलं खाली ठेवा, मॅडमकडे बघा. तिचा हात वर गेला की फक्कीने आखलेल्या बाहेरच्या वाटेने चालत पुढच्या ठाण्यावर जायचं. पळायचं नाही, मैदान मधून ओलांडायचं नाही. सगळे जागेवर उभे राहिले की दोन ठोके, मग सुरुवात. आठवडाभर तिने मुलांकडून नुसतं थांबणं आणि चालणंच करून घेतलं. स्टाफरूममध्ये हसले लोक. हसू देत.

शनिवारी हेडसर खुर्ची टाकून बसले. कोंडाजी ओट्याच्या टोकाला उकिडवे. सेजल कपाळावर पट्टी घेऊन गटात उभी होती. वडिलांनी डोळे वटारले, तरी ती हलली नाही. सगळ्यांत मोठी पंचाईत म्हणजे घाट पुन्हा अडला होता आणि हॉर्न चालूच होते. मी वर्गाला नकाशा भरायला लावला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. भूगोल त्या दिवशी गेला खड्ड्यात.

पहिली फेरी नीट पार पडली. दुसऱ्या फेरीत सेजलचा गट पळण्याच्या ठाण्यावर आला. शेजारच्या ठाण्यावर राजू बाटल्या उचलत होता. घामाने त्याच्या हातातली बाटली निसटली आणि घरंगळत थेट पळण्याच्या वाटेत गेली. सेजल पलीकडच्या दगडाला हात लावून वळली आणि सुटली. तिचं लक्ष समोरच्या दगडाकडे होतं, बाटली तिला दिसलीच नाही. मी ओरडायला खिडकीबाहेर वाकलो.

टण.

अर्धं मिनिट व्हायला अजून वेळ होता, कोणालाच ठोक्याची अपेक्षा नव्हती. तरी दोऱ्या खाली पडल्या, पायरीवरचे पायरीवर थांबले, ताडपत्रीवरच्यांनी माना वर केल्या. सेजल दोन पावलं घसरत थांबली. बाटली तिच्या पुढच्या पावलाच्या जागी होती. तीसच्या तीस मुलं ज्योतीकडे बघत होती. बाहेर हॉर्न चालू होते आणि आमच्या मैदानावर एक पाय हलत नव्हता.

ज्योती चालत गेली, बाटली उचलली, राजूच्या हातात दिली. परत ड्रमपाशी आली आणि हातोडी उचलून तशीच उभी राहिली. तिची नजर हेडसरांकडे गेली. हेडसर खुर्चीत पुढे सरकले, त्यांनी बोलायला तोंड उघडलं. आता हे सगळं बंद करतील, असं वाटून मला तिचं फार वाईट वाटलं.

पण त्यांच्या आधी ओट्यावरून कोंडाजी उठले. डोळे पोरीवर, हात कमरेवर.

"बाई," ते ओरडले, "गाडी कवाधरनं थांबलीय. डबल मारा की! माझी पोर उभी हाय."

हेडसरांनी तोंड मिटलं. ज्योतीने डोळे पुसले आणि दोन ठोके मारले.