पिवळी घंटी

नव्वदीच्या दशकात पोलिओच्या डोसांच्या प्रचाराची ओळख ठरवायचं काम बनारसच्या आरोग्य कार्यालयात माझ्याकडे आलं. मी तिथली चित्रकार. पोस्टर, रेडिओ आणि मोहल्ल्यातली सभा, तिन्हीकडे एकच खूण हवी होती, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ती कळेल. साहेबांना शंख हवा होता. मी भांडले. मुसलमान विणकरांच्या मोहल्ल्यात शंख कोण आपला मानेल? मी सायकलची घंटी निवडली. पोस्टरवर ती पिवळी, रेडिओवर तीनदा ट्रिंग, सभेच्या सुरुवातीलाही तेच. कार्यालयात सगळ्यांनी वाहवा केली, मग गल्लीत जाऊन कुणाला विचारायची मला काय गरज?

रविवारी सकाळी दुर्गाघाटावर आमच्याच गल्लीत बूथ लागला. बर्फाच्या डब्यात लस, टेबलामागे पिवळं पोस्टर. मी ऐटीत तीनदा घंटी वाजवली. पटापट दारं उघडली, बायका बाहेर आल्या. एकीच्याही कडेवर मूल नव्हतं. प्रत्येकीच्या हातात पातेलं होतं. सकाळी त्याच वेळी आमच्या गल्लीत घंटी वाजवतो तो दूधवाला, आणि त्याच्याकडून मीही रोज दूध घेत होते!

"अहो, पोरं आणा, पोरं!" मी ओरडले.

रांगेत पहिली माझीच आई. तिने माझ्या हातातली लसीची इवलीशी बाटली निरखून पाहिली.

"चहा उकळतोय गं. एवढ्याशाने काय होणार? आणि दूध गुलाबी कसं?"