एकशे साठ शब्द आणि माझं मत

आमच्या साहेबांना फ्रेंचचा एक शब्द येत नाही, तरी माझ्या फ्रेंचचं काय करायचं हे त्यांनीच ठरवलं. आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात, मालक फ्रान्समधले. तिकडच्या प्लांटला दोन वर्षांसाठी इथला एक माणूस हवा होता. अट त्यांची एकच होती, फ्रेंचची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा पास हवी, कारण तिथल्या लाइनवरचे कामगार फ्रेंचशिवाय दुसरं बोलत नाहीत. आमच्याकडे फ्रेंच शिकणारी मी एकटी. साहेब म्हणाले, पास हो, जागा तुझी. मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुका नोंदवून मी कंटाळले होते. घरी कुरुळीत आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जा की. कोण धरून ठेवतंय हितं?" आणि तोंड फिरवून डोळे पुसत बसली.

क्लास तळवड्याला, एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीत, शनिवारी दुपारी. खाली ग्राइंडर चालू असायचा. शिकवायला एक रिटायर्ड मॅडम. ऐकणं, वाचणं, बोलणं यात माझं बरं चाललं होतं. मेले ते लेखनात.

लेखनाला पंचेचाळीस मिनिटं. एकच प्रश्न. पत्र, लेख किंवा फोरमवरचा मजकूर, कमीत कमी एकशे साठ शब्द, गुण पंचवीस. शंभरात पन्नास मिळाले की पास, पण एकाही भागात पाचाच्या खाली गेलात तर बाकी कितीही मिळवा, नापास. पहिल्या सरावाला विषय होता, कामावर सायकलने यावं का, वाचकांच्या पानासाठी लिहा. मी लिहिलं. रस्ता किती रुंद, कंटेनर कुठून वळतात, सिग्नल कुठे नाही. मुद्द्यांना नंबर घातले. एक शब्द चुकला तर त्यावर एकच सरळ रेघ मारून बाजूला सही आणि तारीख टाकली, कारण कंपनीत रेकॉर्डवर खाडाखोड तशीच करायची असते, नाहीतर ऑडिटर खातो. मग अख्खं कच्चं लिखाण पक्क्या कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवायला घेतलं. पंचेचाळीस मिनिटं संपली तेव्हा पक्क्या कागदावर सत्त्याण्णव शब्द होते, आणि उतरवताना चुकलेल्या दोन शब्दांशेजारी तशाच दोन सह्या.

मॅडमनी कच्चा कागद बघितलासुद्धा नाही. परीक्षक तो तपासत नाहीत, म्हणाल्या. सह्या बघून मात्र खो खो हसल्या. पंचविसात सात दिले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, व्याकरणाची एक चूक दाखवा. त्या म्हणाल्या, चुका नाहीतच, पण या लिखाणात लिहिणारी बाई कुठे आहे?

"तुला स्वतःला काय वाटतं ते लिही," त्या म्हणाल्या. "बी-वनला गुण त्याचे आहेत."

मला काय वाटतं! बारा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. रिपोर्टमध्ये 'मला वाटतं' आलं की साहेब लाल पेन फिरवायचे. म्हणायचे, मत नको, माहिती दे. त्या शनिवारी घरी येईपर्यंत मी गाडीवर हेल्मेटमध्ये शिव्या घालत होते. मॅडमना नाही, माझ्या हाताला लागलेल्या त्या सवयीला.

मग मॅडमनी मला घड्याळाला जुंपलं. पहिली पाच मिनिटं प्रश्न दोनदा वाचायचा, कोणाला लिहायचंय, काय काय मागितलंय, त्याखाली रेघ. मागितलेला एक मुद्दा सुटला तरी गुण जातात. पुढची दहा मिनिटं कच्च्या कागदावर फक्त मुद्दे, वाक्यं नाहीत. माझं मत, दोन कारणं, प्रत्येकाला माझ्या आयुष्यातलं एक उदाहरण, शेवट. मग पंचवीस मिनिटं थेट पक्क्या कागदावर लिहायचं, चुकलं तर खोडून पुढे जायचं. उरलेल्या पाचात क्रियापदं तपासायची आणि शब्द मोजायचे. दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे येतं तो एक शब्द. मित्राला लिहिताना साहेबी भाषा नको, साहेबाला लिहिताना मित्राची नको, त्यालाही गुण असतात. 'कारण', 'तरीही', 'त्यामुळे' अशा शब्दांनी वाक्यं बांधायची, नंबर घालायचे नाहीत. अवघड वाक्य फसत असेल तर साधं लिही, म्हणायच्या, छोट्या चुकांनी या पातळीला कोणी मरत नाही, अर्थ कळला पाहिजे.

खाडाखोड तशीच ठेवून कागद द्यायचा, याला माझा हात तयारच होत नव्हता. तीन शनिवार गेले. चौथ्याला कंपनीतून भांडून आले होते, त्या रागात लिहिलं, आणि सोळा मिळाले.

परीक्षा पुण्याला झाली. कागद माझा गिचमिड, सही कुठेही नाही, शब्द एकशे ब्याऐंशी. लेखनात साडेअठरा पडले. पास झाले. पेढे घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी पेढा खाल्ला आणि सांगितलं की शेजारच्या लाइनच्या इंजिनिअरला पाठवायचं ठरलंय. त्याचं इंग्रजी चांगलं आहे, भाषेचं काय, तिकडे गेल्यावर येते. शिवाय तुझ्या आईला इथे कोण बघणार, तुझाच विचार केला बघ. मी म्हटलं, पण मला वाटतं... त्यांनी हात वर केला.

"मत नको," ते म्हणाले. "एक काम कर. तिकडच्या प्लांट हेडना फ्रेंचमध्ये आभाराचं मेल टाक. मला कॉपीत ठेव."

अपमान करून वर कामही सांगायचं! जागेवर आले, घड्याळ लावलं. पाच मिनिटं विचार केला. कोणाला लिहायचंय, तर प्लांट हेडना, म्हणजे आदराने. काय मागितलंय, तर आभार. आभार मानले, कोण येतोय ते सांगितलं. मग नवा परिच्छेद घेतला. माझ्या मते हा निर्णय चुकीचा आहे. दोन कारणं. प्रत्येकाला माझ्या आयुष्यातलं एक उदाहरण. आदराचा शेवट. खाली सही, पहिल्यांदाच स्वतःच्या मताखाली, पूर्ण नावाने. साहेबांना कॉपीत ठेवलं, सांगितलंच होतं त्यांनी. दहा मिनिटांनी ते माझ्या टेबलाजवळून अंगठा दाखवून गेले. छान लिहितेस, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, दोघांनाही. साहेबांनी मला बोलावलं, दोन माणसं बसली होती त्यांच्यासमोर. म्हणाले, वाच जरा, काय म्हणतायत.

मी उभ्यानेच वाचलं, मराठीत, एकही शब्द न गाळता. मॅडम, म्हणजे मी, तुमच्या स्पष्ट पत्राबद्दल आभार. भाषेची अट आमचीच होती आणि ती अजून आहे. परीक्षा पास झालेली व्यक्ती येत का नाही, हे तुमच्या साहेबांनी आम्हाला लेखी कळवावं, फ्रेंचमध्ये.

साहेब खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "तूच लिही आता. काय लिहायचं, तुला काय वाटतं?"