जरा महागडी शिफारस

ईमेल पाठवला होता चुलत दिरांच्या सुनेने. ती एका मोठ्या कंपनीत आकडेवारीचं विश्लेषण करते आणि हडपसरच्या आमच्या लहानशा बेकरीसाठी तिने ते फुकट केलं होतं. माझी शंका तिथूनच सुरू झाली. पुण्यात फुकट कोण काय करतं?

प्रश्न साधा होता. जवळच्या आयटी पार्कमधली एक कंपनी दर शुक्रवारी वाढदिवसांचे केक आमच्याकडून घेई. त्यावरच बेकरीचं भाडं निघायचं. दोनदा केक उशिरा पोचला, एकदा कलंडलेला. आता एक चूक झाली की ऑर्डर बंद, असं त्यांनी नीट सांगितलं होतं. केक पोचवणाऱ्या दोन सेवा आम्ही आलटून पालटून वापरत होतो. त्यातली एकच ठेवायची होती.

सूनबाईंनी लिहिलं होतं की पहिलीचा दर कमी, पण तिचा माणूस वाटेत दुसऱ्यांची पार्सलंही उचलतो. खराब झालेले आणि पुन्हा करावे लागलेले केक धरले तर दुसरीच स्वस्त पडते. नोंदी थोड्या आहेत, म्हणून महिनाभर वापरून मग ठरवा.

महाग ते स्वस्त! मला कमिशनचा वास आला. मी तिला फोन लावला.

"दुसऱ्या कंपनीत कोणी ओळखीचं आहे का गं तुझ्या?"

"नाही हो काकू," ती म्हणाली. "पण शेवटचा परिच्छेद काकांना वाचून दाखवा. तो महत्त्वाचा आहे."

इतकी गोड बोलते म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं मी ह्यांना सांगितलं. परिच्छेद मात्र मी वाचलाही नाही, दाखवलाही नाही. तरीही कलंडलेल्या केकच्या भीतीने दुसरी सेवा घेतली.

आमच्या ह्यांची एक रीत होती. क्रीमचा शेवटचा हात बाकी असतानाच ते ॲपवर 'तयार' दाबत. पहिलीचा माणूस उशिरा येई, त्यामुळे ते खपून जायचं. शुक्रवारी दुसरीचा माणूस लगेच दारात हजर. केकवर नाव लिहायचं अजून बाकीच होतं. तो थांबला, घड्याळ बघितलं, मग थांबण्याची मुदत संपल्याचं दाखवून निघून गेला. ॲपवरची फेरी रद्द.

मी केक मांडीवर घेऊन रिक्षाने निघाले. मगरपट्ट्याच्या चौकात अडकले. पोचले तेव्हा ऑफिसात टाळ्या वाजून गेल्या होत्या आणि टेबलावर दुसऱ्याच बेकरीचा अर्धा केक होता. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, "मॅडम, आता पुढच्या शुक्रवारपासून नको."

परतीच्या रिक्षात बसून फोनवर तो शेवटचा परिच्छेद काढला. लिहिलं होतं, 'दुसऱ्या सेवेचा माणूस वेळेवर येतो आणि फार थांबत नाही. खोका बंद झाल्याशिवाय तयार दाबू नका.' माझा राग सूनबाईंवरच निघाला, इतकं साधं तिने पहिल्याच ओळीत का लिहिलं नाही म्हणून. मग तिचं 'काकांना वाचून दाखवा' आठवलं आणि केकचा खोका मांडीवर तसाच धरून मी मान खाली घातली.