हवा भरणारे दोघे भाऊ

शिरूर कासारच्या स्टँडसमोर एका ओळीत तीन दुकानं आहेत. पहिलं मतीनचं, पंक्चरचं. दुसरं त्याच्या थोरल्या भावाचं, वाहेदचं, फोटो स्टुडिओ. तिसरं माझं, झेरॉक्स आणि छपाईचं. गावात म्हणतात की हे दोघे भाऊ हवा भरून पोट भरतात, आणि ते खरंच आहे. मतीन टायरमध्ये भरतो, वाहेदभाई फोटोत.

ऊसतोडीला निघण्याआधी लोक घरच्या सगळ्यांचा एक फोटो काढून ठेवतात. पोरं शाळेसाठी आजीजवळ राहणार असतील तर दोन प्रती, एक इथं आणि एक उसाच्या फडावरच्या कोपीत. आता फोटो काढायचाच तर मागे पंक्चरचं दुकान कशाला पाहिजे. कुणाला बर्फाचा डोंगर हवा असतो, कुणाला दुबईची इमारत. बाजारातली बाकीची दुकानं पाच मिनिटांत डोंगर चिकटवून देतात. तो डोंगर असा काही ठसठशीत असतो की म्हातारीनं मागे हात नेला तर दगड हाताला लागावा. सगळं घर भिंतीला टेकून उभं असल्यासारखं दिसतं.

वाहेदभाईचा डोंगर लांब असायचा. मी एकदा विचारलं, हे जमतं कसं? तो म्हणाला, "मंजुताई, आपल्यात आन् डोंगरात काय असतंय? हवा असती. हवेत धूळ असती. ती दाखवली न्हाई तर डोंगर डोक्यावर बसतो."

तरुणपणी तो फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचा. मागच्या डोंगराच्या रंगात आभाळाचा रंग कालवायचा, आणि जितका डोंगर लांब तितकं आभाळ जास्त. पडदे गेले, कॉम्प्युटर आला, पण कृती तीच राहिली. आभाळ जिथं जमिनीला टेकतं तिथला रंग घ्यायचा आणि त्याचा पातळ थर डोंगरावर चढवायचा, पायथ्याला दाट, शेंड्याला विरळ. मग डोंगरातला काळा जरा उजळायचा, कारण लांबचं काळं कधी पुरतं काळं नसतं. कडा किंचित मऊ करायच्या. माणसाच्या अंगावर मात्र थर येऊ द्यायचा नाही. याला तो हवा भरणं म्हणायचा, आणि गिऱ्हाइकंही तेच म्हणायला लागली. "वाहेदभाई, इमारतीत थोडी हवा भरा, लई जवळ वाटायली." शेजारी मतीन हसायचा आणि म्हणायचा, माझ्याकडं पाठवा, फुकट भरतो.

हे सगळं तो नजरेनं करायचा. कॉम्प्युटरमध्ये रंग उचलायची नळी असते, तिचं टोक फोटोवर टेकवलं की नेमका तिथला रंग मिळतो. वाहेदभाईनं तिला कधी हात लावला नाही. "नळी त्यांच्यासाठी, ज्यांना नजर न्हाई," म्हणायचा. ह्या बोलण्याचा मला फार राग यायचा. चांगल्या कारागिराला थोडी मिजास असतेच, पण ह्याची जरा जास्तच होती.

एप्रिलमध्ये रतनबाई वाहेदभाईकडे आली. जवळच्या वस्तीवर राहते, जन्म मेंढरांमागे गेला. तिचा नवरा आसाराम मागच्या उन्हाळ्यात वारला आणि आता वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं. त्याचा एकच धड फोटो होता, भाचीच्या मोबाइलवरचा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, भर उन्हात माळावर उभा. मागे कुणाचा तरी ट्रॅक्टर आणि लग्नाचा मांडव.

"ते समदं काढ," ती म्हणाली. "मागं आमचा डोंगर लाव. मालक हितं उभे ऱ्हायले की त्यो डोंगर दिसायचा."

"मग जाऊन डोंगराचाच फोटो काढतो की," वाहेदभाई म्हणाला.

"कशाचा काढतूस? खडीवाल्यांनी अर्धा खाल्ला त्यो."

डोंगर पुरता होता तेव्हाचा एक फोटो वस्तीवरच्या मास्तरांकडे सापडला. पण तो भाद्रपदातला, पायथ्याशी उभं राहून काढलेला. हिरवागार आणि स्वच्छ, झाडाचं पानन् पान दिसणारा. म्हणजे पायथ्याचा पावसाळी डोंगर उन्हाळ्यातल्या माणसामागे दोन कोस लांब न्यायचा होता. वाहेदभाई खूश झाला. असं काम आलं की त्याला चहा लागत नाही.

दोन दिवसांनी त्यानं फाइल पाठवली आणि मी फोटो छापला. यंत्रातून कागद बाहेर आला. डोंगर निळा होता. नेमका कुठला म्हणून सांगता येणार नाही, पण आपल्याकडचा नव्हे असा निळा.

आता खरं सांगते, कारण न सांगता ही गोष्ट पुढे जात नाही. हा पहिला निळा डोंगर नव्हता. दीड वर्ष त्याचे फोटो निळे येत होते आणि दीड वर्ष मी ते छापत होते. सुरुवातीला शाईला दोष दिला. शाई बदलली तरी निळाच. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी गप्प बसले. ज्याची नजर वाखाणली जाते त्याला तुझी नजर गेली असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि त्याची छपाई माझ्याकडेच येते, हेही मनात होतंच. मला त्याची लाज वाटते.

वाहेदभाईच्या दुकानात रतनबाईनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"डोंगर आमचाच हाय," ती म्हणाली. "पर हवा आमची न्हाई."

वाहेदभाई हसला. "म्हंजी?"

"असा निळा डोंगर कोकणात असंल. आमच्याकडं चैत-वैशाखात डोंगर मातकट पांढरा दिसतो. आन् ही झाडं बघ. हितनं त्यो दोन कोस हाय. दोन कोसावरची झाडं मोजता येत्यात व्हय? मोजता येणारी झाडं हाकेवर असत्यात. कोसभरावर नुसता काळा पट्टा दिसतो. दोन कोसाला डोंगराची पाठ तेवढी."

तिनं आयुष्यभर हेच केलं होतं. समोरच्या माळावर पोचायला ऊन चढेल का, मेंढरं तिथवर टिकतील का, हे ती डोंगर किती विटलाय त्यावरून ठरवायची. वाहेदभाईनं पडद्यावर शिकलेलं ती उघड्यावर शिकली होती.

"निळा कुठाय?" वाहेदभाई म्हणाला. "राखाडी हाय की. आन् झाडं कुठं दिसायलीत? मला तर एक बी झाड दिसंना."

मी खाली बघितलं. रतनबाई मात्र त्याच्याकडेच बघत राहिली.

"वाहेद, दाराकडं तोंड कर."

"कावून?"

"कर म्हन्ते."

मेंढीचा डोळा बघावा तसा तिनं त्याचा डोळा बघितला, पापणी अंगठ्यानं वर करून. आणि सरळ सांगून टाकलं, "मोतीबिंदू हाय. दोन्हीकडं. माझ्या बी व्हता, आपरेशन करून काढला. मला बी समदं जुन्या धोतरातनं बघितल्यागत दिसायचं."

म्हणजे हवा त्याच्या डोळ्यांतच भरली होती. तो फोटोत हवा भरायला लागायचा आणि लवकरच थांबायचा, कारण त्याला झाडं आधीच दिसेनाशी झालेली असायची. आणि पिवळ्या पडलेल्या डोळ्यांना निळं राखाडी वाटायचं.

वाहेदभाईनं फोटो तिच्या हातातून काढून घेतला. "उद्या या मावशी," म्हणाला, आम्हाला बाहेर काढलं आणि दिवसाढवळ्या शटर ओढलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मतीन पाना टाकून आला, भाई, भाई करत राहिला. आतून एकच वाक्य आलं, "गावाला कळलं तर फोटोला कोन यायचं बे?"

त्याचं भय खोटं नव्हतं. तीस वर्षं त्यानं नजरच विकली होती.

रतनबाई मात्र हलली नाही. शटरपाशीच बसली आणि पिशवीतून सुपारी काढली. "मी काय गावाला सांगाय चालले न्हाई," ती शटरला म्हणाली. "परवा मालकाचं वर्षश्राद्ध हाय. माझा डोळा चांगला हाय, तुझा हात चांगला हाय. दोन्ही मिळून एक मानूस व्हतंय. उघड."

आतून कडी निघाल्याचा आवाज आला. मग शटर वर गेलं, कंबरेपर्यंतच. आम्ही दोघी वाकून आत शिरलो.

त्यानं निळा थर पुसून टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंजुताई, नळी कुठं असती ती?"

मी दाखवली. आसारामतात्याच्या फोटोत माळाच्या कडेला आभाळ टेकलं होतं, तिथं त्यानं नळीचं टोक टेकवलं. फिकट, मळक्या पिठासारखा रंग आला. त्यानं आधी डोंगराचा हिरवा उतरवून तो वाळका केला. मग त्या रंगाचा थर चढवला, पायथ्याला दाट. रतनबाई स्टुलावर बसून सांगत होती.

"अजून. अजून झाडं दिसायलीत."

तो थर वाढवायचा.

"अजून. आता कोसभरावर आला. अजून जाऊ दे."

त्यानं काळा उजळला, कडा मऊ केल्या. माळ आणि डोंगर यांच्या मध्ये बाभळीची एक रांग होती, तिला अर्धीच हवा भरली. पुढे आसारामतात्याची घोंगडी मात्र काळीभोर राहिली, फोटोतलं सगळ्यांत काळं तेच. डोंगर मागे मागे सरकत गेला. मी इतकी वर्षं छापते आहे, पण हे होताना कधी बघितलं नव्हतं.

"थांब," रतनबाई म्हणाली.

वाहेदभाईचा हात थांबला. मला वाटलं, काही बिघडलं.

"आता मधी जागा झाली," ती म्हणाली. "आता मालक माळावर हायती."

तिनं पदर डोळ्याला लावला. वाहेदभाई कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिला, त्यात त्याला स्वतःला काय दिसत होतं देव जाणे. माझंही रडू आवरलं नाही.

वर्षश्राद्धाला फोटो पाटावर होता. गावानं वाहेदभाईची वाहवा केली आणि रतनबाईनं तोंडातून एक शब्द काढला नाही.

महिन्याभरात बीडला जाऊन त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पुढे दुसऱ्याचं. पट्टी निघाल्यावर त्याला सगळंच निळं दिसायला लागलं. दुकानाची भिंत पांढरी आहे हे त्याला तेव्हा कळलं, तो ती बदामी समजत होता. दुकानात येऊन त्यानं आधी आसारामतात्याच्या फोटोची ठेवलेली प्रत काढली आणि खिडकीत धरून बघितली. "बरोबर हाय," म्हणाला. मग भिंतीवरचे बाकीचे नमुने बघत गेला. एक, दोन, तीन, आणि चौथ्यापाशी तो माझ्याकडे वळला.

"मंजुताई, हे किती दिवस?"

"दीड वर्ष."

"तू छापत व्हतीस."

"हो."

"तुला दिसत व्हतं."

"दिसत होतं, वाहेदभाई."

तो मला रागावला असता तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि म्हणाला, "फायली काढ."

निळे फोटो एक्केचाळीस निघाले. वेळ मिळेल तसं एकेक काढून तो निळी हवा उतरवतो आणि इथली भरतो. रंग आता नळीनंच घेतो. गिऱ्हाइकांना सांगायचं कारणही ठरलंय, छपाईत चूक झाली होती. आतापर्यंत सोळा झाले, पंचवीस राहिलेत. कागदाचा खर्च माझा.