काटा कितीवर होता

डेरिव्हेटिव्ह शिकवताना मी बारावीला दरवर्षी मोटरसायकलचंच उदाहरण द्यायचो. देवळीच्या पोरांना तेवढं चटकन कळतं. त्या वर्षी मी मोटरसायकल विकून टाकली होती, पण उदाहरण बदलायची अक्कल काही सुचली नाही.

आदल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या बाबूला मागे बसवून मी पेपरांचे गठ्ठे पोचवायला वर्ध्याला निघालो होतो. सावंगीच्या अलीकडे ट्रॅक्टर ओलांडताना गाडी घसरली. मला नुसतं खरचटलं. तो आठ दिवसांनी गेला. त्या आठ दिवसांत एकच वाक्य घोकत होता, "गाडी लय जोरात होती." पोलिसांना मी हिशेब मांडून दिला: पंधरा किलोमीटर, पंचवीस मिनिटं, म्हणजे ताशी छत्तीस. गणिताच्या मास्तरशी कोण वाद घालणार? बाबू बरळतो आहे, असं सगळेच धरून चालले. मीही मान डोलावली. त्याची लाज मला अजून वाटते.

बाबूची मुलगी वर्गात पहिल्या बाकावर बसायची.

मी फळ्यावर लिहिलं: गाडी सुटल्यापासून t सेकंदांत t² मीटर जाते. म्हणजे दहा सेकंदांत शंभर मीटर. सरासरी वेग सेकंदाला दहा मीटर. "पण बरोबर दहाव्या सेकंदाला काटा काय दाखवेल?" दहा ते अकरा सेकंदांत एकवीस मीटर, म्हणून वेग एकवीस. दहाच्या पुढे सेकंदाचा दहावा भागच घेतला तर २०.१. शंभरावा घेतला तर २०.०१. वेळ शून्यच घ्यायची म्हटलं तर शून्याला शून्यानं भागावं लागतं, ते जमत नाही. पण वेळ शून्याकडे नेत गेलं की वेग वीसकडे जातो. "हाच डेरिव्हेटिव्ह. त्या क्षणाचा वेग, काट्यावरचा."

ती उभी राहिली. "सर, वीस म्हणजे ताशी बहात्तर. अन् दहा सेकंदाची सरासरी ताशी छत्तीस."

"बरोबर."

"बाबाच्या अपघाताच्या पोलीस कागदावरही छत्तीसच लिहून आहे."

माझ्या हिशेबात एकही चूक नव्हती, म्हणूनच तो इतके महिने टिकला होता.

"बाबा सांगत होते, गाडी जोरात होती. आई म्हणे, डोक्याले मार लागला, बरळून राह्यले. तुम्हाले माहीत असन, सर. ट्रॅक्टर ओलांडताना काटा कितीवर होता?"

चाळीस पोरं माझ्याकडे पाहत होती. उशीर झाला म्हणून मी गाडी पिळली होती, आणि काटा मी पाहिला होता. मागून बाबूनं माझा खांदाही दाबला होता.

"सत्तरच्या वर," मी म्हणालो.

तिनं तो आकडा वहीत लिहून घेतला, पेनाचं टोपण लावलं आणि खाली बसली.

"म्हणजे बाबा शुद्धीवर होते," ती बाजूच्या मुलीला म्हणाली.