डोंगरला दुखतं तेव्हा

मनगटावरचा पट्टा तिने बाहीखाली ढकलला आणि मगच संपादकांच्या खोलीचं दार लोटलं. सुपरहिरोंच्या चित्रकथा छापणाऱ्या त्या लहानशा कचेरीत तिला सगळे ताई म्हणत. चित्रं काढता काढता तिचे केस पिकले होते. डॉक्टरांनी कालच बजावलं होतं, महिनाभर पेन धरायचं नाही, नाहीतर अंगठा कायमचा जाईल. आता हे सांगायचं कुणाला आणि कसं? सांगितलं तर दुसरा चित्रकार आणतील, नाही सांगितलं तर हातच जायचा. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

टेबलावर मागचा अंक पडला होता. तो सपशेल आपटला होता, आणि त्यात तिचाही थोडा हात होता बरं का! ती काढायची त्या चित्रकथेतल्या टोळीत तिघं होते. हुकूम देणारी कप्तान, डोकं चालवणारे घड्याळजी आणि भिंती फोडणारा डोंगर. लेखकाला वाटलं, वाचक आता शहाणे झाले, दांडगटाची गरज काय? त्याने डोंगरला टोळीतून काढून टाकलं. ताईने हूं की चूं केलं नाही. डोंगरचे स्नायू, उडणाऱ्या विटा, धुरळा, सगळं तिच्याच मनगटावर यायचं. तो गेला म्हणून मनातून तिला हायसंच वाटलं होतं.

"वाचक म्हणतात, दोघं नुसते वाद घालतात," संपादक म्हणाले. "पुढचा अंक चालला नाही तर मालिका बंद. वरून तसा निरोप आलाय."

ताईने बाही आणखी खाली ओढली.

"चूक माझीच," शेजारच्या खुर्चीतला लेखक म्हणाला. गडी हुशार, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. "संकट आलं की वाचक तीन गोष्टी बघतो. करायचं की नाही, ते कप्तान ठरवते. कसं करायचं, ते घड्याळजी सांगतात. आणि अंगावर कोण घेणार? तिथे डोंगर लागतो. शत्रू आधी त्यालाच लोळवतो, म्हणून तर शत्रू मोठा वाटतो! तो नसला की कप्तानचा हुकूम म्हणजे नुसता सल्ला."

"आणि बारक्या चौकटीतही ओळखू यायला हवेत," ताई बोलून गेली. "कप्तान ताठ, घड्याळजी वाकलेले, डोंगर चौकोनी. तिघांना काळ्या शाईने भरून टाकलं तरी कळतं कोण कोण ते. मागच्या अंकात नुसत्या दोन काठ्या उभ्या होत्या."

"बस्स! डोंगर परत येतोय," संपादकांनी टेबलावर थाप मारली. "पहिल्या पानापासून तोडफोड. धरण फुटतंय आणि तो ते पाठीवर तोलतोय, अख्ख्या दोन पानांवर! शुक्रवारपर्यंत होईल ना, ताई?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. नेहमी असंच पाहायचे, आणि ती नेहमी "होईल" म्हणायची. आजही शब्द ओठांवर आला होता. तिने तो गिळला.

"डोंगरला एक वाक्य देऊ या का?" तिने घाबरत विचारलं. "धरण तोलताना तो म्हणतो, मला दुखतंय."

लेखक हसला. "छे हो ताई! बाकी दोघं कुरकुरले तर चालतं, तो नाही. वाचकाने त्याचा भरवसा धरलेला असतो. तोच दुखतंय म्हणाला, तर धरण कोण धरणार?"

"तेच विचारतेय मी."

तिने बाही वर सारली. पट्ट्याखालचं मनगट सुजून टम्म झालं होतं. "महिनाभर पेन धरायचं नाही म्हणालेत डॉक्टर. दुसरं कुणी आणणार असाल तर आणा. पण मला आता होत नाही."

लेखकाचं तोंड इतकंसं झालं. संपादकांनी फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. छापखान्याला त्यांनी सांगितलं, अंक महिनाभर उशिरा येईल. पलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. मालिका तगेल की नाही, याची त्यांनाही खात्री नव्हती, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"वरच्यांशी मी बोलतो," फोन ठेवत ते म्हणाले. "काय ऐकून घ्यायचं ते मी घेईन."

ताईला रडू कोसळलं. इतक्या वर्षांत या खोलीत ती पहिल्यांदाच रडत होती, आणि तिला थांबवायला कुणी धजलं नाही.