बाबाजीची बॅटरी

नवघरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे, जिन्याखालच्या दोन जोडगाळ्यांत, वैजयंताबाई कामाला होती. आधी सात वर्षं ट्यूबलाइटचे चोक गुंडाळायची. तांब्याची तार, फेरे मोजायचे, मान मोडून बसायचं, बास. मग मालक हरिश्चंद्र साहेबांच्या डोक्यात रोबोट शिरला आणि बाईचं नशीब पालटलं.

रोबोट म्हणजे काही माणसासारखा नाही हो. चार चाकांची चपटी गाडी, जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून चालणारी, डोक्यावर ट्रे. औषधाच्या कारखान्यात माल पोचवायचा, एवढंच त्याचं काम. इकडे बघत नाही, तिकडे बघत नाही, मुकाट आपल्या वाटेनं जातो, म्हणून सगळे त्याला बाबाजी म्हणायचे.

बाबाजीची बॅटरी चोवीस व्होल्टची, साठ अँपिअर-तासांची. त्यातलं किती उरलं ते कळायला हवं. नाहीतर वाटेतच बसकण मारणार आणि ट्रे घेऊन अख्खा रस्ता अडवणार. त्यासाठी इंजिनियर नीलिमा मॅडमनं काउंटर केला होता. पोरगी हुशार, एकदम फॉरवर्ड. बॅटरीच्या वायरीत शंट नावाची जाडसर पट्टी बसवली. तिच्यातून जाईल तेवढा करंट काउंटर मोजत राहतो, वेळेबरोबर बेरीज करतो आणि शंभरातून वजा करतो. आकडा वीसवर आला की बाबाजी आपणहून चार्जिंगच्या जागी परततो.

“मॅडम, व्होल्टेजचा काटा पण पायजे,” वैजयंता पहिल्या दिवसापासून सांगत होती.

“ताई, व्होल्टेज फसवतं. ओझं चढलं की पडतं, थांबलं की वर येतं. त्यावरून काय कळणार?”

“एकाच जागी बघितलं तर कळतं ना.”

हे तिला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. परभणीकडच्या तिच्या गावी जयंतीला भोंगा लागायचा तो ट्रकच्या बॅटरीवर, आणि भोंगेवाला तिचा बाप. बाप म्हणायचा, गाण्यात वरचा सूर आला की आवाज बसतोय का ते ऐक. भरलेली बॅटरी थोडी दबते, उतरलेली जास्त दबते. लहानपणी वैजू भोंग्याखाली बसून सांगायची, “अप्पा, अजून चार गाणी जातील.” आणि चारच जायची. त्या पोरीचा किती रुबाब होता गावात!

शेवटी मॅडमनं काटा बसवून दिला, बहुतेक कटकट थांबावी म्हणून. दोन गाळ्यांच्या मधे छोटा चढ होता. तिथं भरल्या ट्रेनिशी बाबाजी दर फेरीला वीसच अँपिअर घ्यायचा. वैजयंता तिथंच उभी राहायची, चढाआधीचा आकडा नि चढावरचा आकडा टिपायची. महिनाभर टिपून तिनं ग्राफपेपरवर रेघ काढली होती. साठ टक्के उरले असताना चढावर काटा चोवीसच्या जरा खाली येतो. पाव उरलं की तेवीस पॉइंट दोनच्या आसपास. रेघ जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चिकटवली होती, आणि कुणाला तिचं काही वाटत नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस, पराग, ट्रायल घ्यायला येणार होता. साहेबांनी सगळ्यांना स्पष्टच सांगितलं होतं, “पास झालं तर ऑर्डर. नाहीतर रोबोटचं दुकान बंद. चोक परत सुरू.” म्हणजे वैजयंतानं पुन्हा तेच स्टूल, तीच तार. ती घरी नागोरावला म्हणाली होती, “तसं झालं तर मी मरत नाही, पण माझं मन मरेल.” नवरा रेल्वेत, त्याला बॅटरीचं काही सोयरसुतक नाही, पण बायकोचं होतं. त्या रात्री त्यानं भांडी घासली.

दसऱ्याला ती दोघं दिवसभर विहारात होती, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. गाळ्यात पूजा होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ट्रायल सुरू झाली. काउंटर शंभर दाखवत होता. बाबाजी झेंडूची माळ घालून फेऱ्या मारत होता, पराग वहीत टिपत होता, साहेब चहावर चहा मागवत होते. मस्त चाललं होतं.

बाराला काउंटर म्हणाला साठ. सकाळपासून ट्रे भरण्यात अडकलेली वैजयंता आता कुठं चढापाशी आली, आणि बाबाजी चढावर येताच तिनं काटा बघितला. काटा तेवीस पॉइंट दोन.

तिनं पुढची फेरी बघितली. तेच. वायर सैल असेल म्हणून फेरी संपताच टर्मिनलला हात लावला. थंड, घट्ट. शिवाय सैल वायरीनं काटा थरथरला असता, हा तर शांतपणे खाली बसत होता. आणि ओझं उतरल्यावरही साठला जिथवर यायचा तिथवर वर येत नव्हता. बॅटरीत साठ नव्हतेच. रेघेवर बोट फिरवलं, बोट सत्तावीसवर थांबलं.

“काल बॅटरीला कुणी काय लावलं होतं?” तिनं विचारलं.

गुणवंत फिटर डोकं खाजवायला लागला. “पूजेला दिवे लावले की वैजूताई. आठ. ट्रकचे, चोवीस व्होल्टवाले. सकाळपासून बारा तास. डायरेक्ट बॅटरीवर, म्हटलं वायरिंगला हात नको.”

डायरेक्ट! म्हणजे शंटला वळसा घालून. बॅटरीतले वीसेक अँपिअर-तास पूजेत गेले, आणि काउंटरच्या दारावरून काही गेलंच नाही. त्यानं इमानदारीत शंभर लिहिले. शंभर दिसले म्हणून कुणी चार्ज केलं नाही.

“राहू दे,” साहेब दबक्या आवाजात म्हणाले. “कदाचित निघेल वेळ.”

“नाही निघणार साहेब. काउंटर वीसवर यायच्या आधीच बसेल.”

ती सरळ परागसमोर गेली. दिव्यांचं सगळं सांगितलं, रेघ दाखवली आणि म्हणाली, “काउंटर मी सत्तावीसवर आणतेय. तुम्ही लिहून घ्या.”

“आणि तुमची रेघ चुकीची असेल तर?”

“वीसवर परत आला की बॅटरीवर दिवे लावून बघा. मोठे, दहा अँपिअर खाणारे. माझं खरं असेल तर तास-सवा तासात उतरेल. काउंटरचं खरं असेल तर तीन तास चालेल.”

नीलिमानं ताईकडे बघितलं आणि स्वतःच्या हातानं आकडा फिरवला.

बाबाजी थोड्या वेळानं वीसवर परतला. दिवे लागले. कुणी जेवायला गेलं नाही. पराग घड्याळ बघत होता, गुणवंत दिव्यांकडे अपराध्यासारखा बघत होता. एक तास आठ मिनिटांनी दिवे पिवळे पडले, आणि काटा बॅटरी संपल्याच्या खुणेवर आला. गुणवंतनं तिला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. तिला हसू आवरेना, डोळेही आवरेनात.

परागनं वहीत लिहिलं: मंजूर. काउंटर हवा, आणि चढावरचा काटाही हवा, दर फेरीला दोन्ही ताडून बघणारा. तो काटा काउंटरमधे घालायचं काम मॅडमनं आणि वैजयंतानं मिळून केलं. चोकचं स्टूल साहेबांनी चहावाल्याला देऊन टाकलं.

पुढच्या दसऱ्याला वैजयंता विहारातून थेट गाळ्यावर आली, पांढरी साडी तशीच. पूजा आटोपली होती, बाबाजीवर आठ दिवे लखलखत होते. तिनं आधी वायर बघितली. गुणवंतनं ती या खेपेला शंटमधून मोजली जाईल अशी घेतली होती. मग काउंटर बघितला. सदुसष्ट.

“चार्जला लाव रे आता,” ती म्हणाली, आणि प्रसादाला हात पुढे केला.